घासाचं वजन

गुरुदत्त विजयकरला चाळिशी उलटली तरी माशाचा काटा काढता येत नव्हता. ऐकून हसू येईल, पण खरं आहे. जन्म पाठारे प्रभूंच्या घरातला, राहणं गिरगावात ठाकूरद्वारच्या मागच्या गल्लीत, आठवड्यातले चार वार ताटात मासा, आणि हा बाबा काट्याला भ्यायचा. लहानपणी कधीतरी बोयीचा काटा घशात अडकला होता म्हणे. तेव्हापासून त्याची मोठी बहीण बेबीताई त्याचं ताट आधी स्वतःपुढे ओढायची, काटे वेचायची आणि मग त्याच्याकडे सरकवायची. आईवडील गेले, दोघांचीही लग्नं राहून गेली, बेबीताईचे केस पिकले, पण ताट ओढायची सवय काही सुटली नाही.

"घोडा झालास रे गुरू," ती म्हणायची. "उद्या मी मेले की तू भातावर मीठ घालून खाणार."

"मग तू मरू नकोस," असं म्हणून तो वाटीभर कालवण भातावर ओतायचा, कालवायचा आणि एकामागून एक घास तोंडात टाकायचा. जेवताना हात थांबवायचा असतो, घास निरखायचा असतो, बोटांनी चाचपायचा असतो, हे त्याला कधी करावंच लागलं नव्हतं. ही एवढीशी गोष्ट. हिच्यापायी पुढे एका माणसाचं वाटोळं झालं असं म्हणणं जास्तीचं होईल. पण गुरुदत्त स्वतः तसंच म्हणायचा, आणि त्याला खोटं पाडायला कोणी नव्हतं.

माणूस हुशार होता, त्यात शंका नाही. इंजिनिअर होऊन तो शिवडीकडच्या एका कारखान्यात लागला. तिथे कापडगिरण्यांच्या साच्यांचे, म्हणजे मागांचे, सुटे भाग बनायचे. गुरुदत्तच्या खात्यात एकच भाग व्हायचा: विणताना धागा तुटला की साचा आपोआप थांबवणारी कळ. तुटल्या धाग्यावर साचा चालत राहिला तर कापड फुकट जातं, म्हणून ती कळ. दहाएक वर्षं त्याने तेच केलं. मग ब्याऐंशीचा संप आला. साचेच बंद पडले, तर साचे थांबवणारी कळ कोण घेणार? कारखान्याला टाळं लागलं, आणि गुरुदत्त परळच्या एका इस्पितळाच्या साधनशाळेत आला. अपंगांसाठी कुबड्या, पट्टे, लाकडी पाय बनवायची ती जागा. पगार कमी, पण काम मनाजोगं. संपाने लाखोंच्या पोटावर पाय दिला, याचं निदान पोट तरी चालू राहिलं.

तिथेच त्याला दत्ताराम घाडी भेटला.

दत्ताराम लालबागचा. गिरणीत साचेखात्यात होता, चार साचे एकटा सांभाळायचा. संप ओसरला, पण त्याच्या गिरणीने त्याला काही परत घेतलं नाही. मग भाऊच्या धक्क्याकडल्या एका गोदामात ओझी उचलायला लागला. तिथे एके दिवशी वरून गोणी घसरली ती नेमकी मान आणि खांदा यांच्यामध्ये येऊन आदळली. हाड मोडलं नाही, आतल्या नसा ताणल्या गेल्या. उजव्या हाताची बोटं चालायची, मूठ मिटायची, मनगटही वळायचं. पण कोपरातून हात वर यायचा नाही. लोंबत राहायचा. बायको नलू चाळीतच खाणावळ चालवायची. वीसपंचवीस लोक पंगतीला, आणि त्यांच्यादेखत धनी डाव्या हाताने जेवतोय. डाव्या हाताने! देवाधर्माच्या घरात वाढलेल्या माणसाला ते मरणाहून वाईट वाटायचं. तो सगळ्यांचं उरकल्यावर, पाठ फिरवून जेवायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला गुरुदत्तपुढे आणून बसवलं आणि त्याचा हात टेबलावर आडवा, कुशीवर ठेवला. "आता छातीकडे ओढा," त्या म्हणाल्या. आणि काय नवल, हात टेबलावरून सरपटत, हळूहळू, पण आपला आपण छातीशी आला!

"बघा विजयकर," बाई म्हणाल्या, "स्नायूत थोडा जीव परत आलाय. हाताचं वजन टेबलाने धरलं तर हा हात हलवू शकतो. वजन स्वतः उचलायचं म्हटलं की संपलं. वजन तुम्ही धरा, हलवू दे त्याला."

गुरुदत्तच्या डोक्यात लख्ख झालं. टेबल आडवं असतं. याला हवं आहे ते उभं टेबल, तोंडापर्यंत जाणारं.

"तुम्हाला काय जमायला हवं, दत्ताराम?" त्याने विचारलं.

"काय नको साहेब. उजव्या हाताने पंगतीत बसून जेवलो, की झालं."

एवढंच मागणं होतं. पुढचं सगळं यासाठी.

गुरुदत्तने एक खुर्ची घेतली. तिच्या हातावर दंड टेकायला पन्हळ केली. कोपराच्या बाजूला मोटर बसवली आणि मोटरच्या पट्ट्याने वरखाली फिरणारी एक चामड्याची पट्टी जोडली, तिच्यात दत्तारामचा हात कोपरापासून मनगटापर्यंत बांधायचा. मुद्दाम जड दातेरी चाकं घातली नाहीत, कारण माणसाने ढकललं तर सांधा सहज फिरला पाहिजे. कोपर किती वाकलंय ते कळायला, रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण असतं तसं एक बटण सांध्यावर लावलं. ते संगणकाला कोन सांगायचं, आणि संगणक मोटरला किती जोर लावायचा ते सांगायचा.

मग हाताचं वजन. रद्दीवाल्याकडे असतो तसला वजनाचा स्प्रिंगचा काटा आणून त्याने तो दत्तारामच्या मनगटाला अडकवला आणि हात आडवा टांगून धरला. "ढिला सोडा, अगदी मेल्यासारखा." काट्यावर आकडा आला. तो आकडा आणि मनगटापासून कोपराचं अंतर यांचा गुणाकार केला की हात आडवा असताना कोपराला किती पीळ सोसावा लागतो ते कळतं. पण हात नेहमी आडवा थोडाच असतो? सरळ खाली लोंबत असेल तर कोपराला त्याचं काहीच ओझं नाही. जसजसा वर येतो तसतसं ओझं वाढतं, आडवा झाला की सगळ्यात जास्त, आणि तोंडाकडे चढायला लागला की पुन्हा कमी होत जातं. कुणीही भरली कळशी हातात घेऊन करून पाहावं. तेव्हा मोटरने दर कोनाला नेमका तेवढाच जोर लावायचा, उलट दिशेने. ना जास्त, ना कमी. तो कोन वाचून संगणक दर सेकंदाला शंभरदा हिशोब करायचा.

पहिल्यांदा आकडा जरा जास्त पडला, आणि दत्तारामचा हात आपोआप वर जायला लागला.

"अरे अरे, खयं चललो हा!" दत्ताराम ओरडला, आणि सोबत आलेल्या नलूने घाबरून देवाचं नाव घेतलं. गुरुदत्तने आकडा उतरवला. आता हात खाली बसायला लागला. थोडा चढवला. आणि मग हात जिथे ठेवावा तिथे थांबायला लागला. खाली, मध्ये, वर, कुठेही. हवेत. जसा काही त्याला भारच नाही.

"आता तुम्ही न्या," गुरुदत्त म्हणाला.

दत्तारामने हाताकडे पाहिलं. मग हळूच, टेबलावर नेला होता तसाच, पण यावेळी वरच्या अंगाला, त्याने हात तोंडाशी नेला. थोडा थरथरत होता. मध्येच थांबवला. खाली आणला. परत वर नेला. गालावर बोटं टेकवली, मिशीवरून फिरवली, मग कपाळाला लावली, आणि हा बाप्या लहान पोरासारखा हसायला लागला. नलू पदर तोंडाला लावून रडत होती. ती तशीच पुढे आली, त्याच्या कोपराखाली हात घालून चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अगो बाय, खराच वजन नाय!"

"आता घासाचं वजनही यात धरू," गुरुदत्त म्हणाला. "भाताचा घास म्हणजे फार नसतो, तरी..."

"नको साहेब." दत्ताराम एकदम गंभीर झाला. "हाताचा वजन तुम्ही घ्या. घासाचा माझ्या वाट्याक असांदे."

त्या दिवशी गुरुदत्त घरी गेला तो तरंगत. त्या रात्री त्याने बेबीताईचं डोकं खाऊन टाकलं. आणि खरं सांगायचं तर काम तिथेच संपलं होतं. माणसाला हवं ते मिळालं होतं. पण शिकलेल्या माणसाला एवढ्यात संपलेलं कुठे चालतं?

झालं असं, की साधनशाळेला पैसे देणारी दिल्लीची समिती यायची होती. तिच्यातले एक गृहस्थ आधीच डोकावून गेले. गुरुदत्तने कौतुकाने दत्तारामचा तरंगता हात दाखवला. गृहस्थांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण मोटर करते आहे काय? हात तर हाच हलवतोय. एवढं तर एका स्प्रिंगनेही होईल. मग संगणक कशाला?"

बोलणं खरं होतं. वजन तोलायला चांगली स्प्रिंग पुरते. पण ते गुरुदत्तला मिरचीसारखं झोंबलं. वास्तविक त्याने म्हणायला हवं होतं, "होय साहेब, स्प्रिंगने होईल, तीच बसवतो, हा माणूस उद्या घरी घेऊन जाईल." तो म्हणाला काय, "ही तर फक्त पहिली पायरी आहे!" जीभ आपली, दात आपले, चावली तर सांगायचं कुणाला.

मग तो कामाला लागला. आता हात नुसता तरंगायचा नव्हता. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळात, ताटापासून तोंडाशी जायला हवा होता. त्याची तऱ्हा अशी. आधी वाट आखायची, कोणत्या क्षणी कोपर कोणत्या कोनात हवं ते. हात जितका जड आणि लांब, तितका तो हलायला नाखूश. त्याला हव्या तेवढ्या वेगाने पळवायला किती जोर लागेल तो आधीच मांडायचा. त्यात वजन तोलायचा जोर मिळवायचा, सांध्याच्या घासाघाशीचा मिळवायचा. आणि एवढं करूनही हात वाटेवरून ढळलाच, तर जितका ढळला तितका त्याला परत ओढायचा; आणि त्या ओढण्याने झोके घेऊ नये म्हणून वेगाचा फरक बघून आवरायचाही. हे दोन आवर नीट जुळले की झालेली चूक गुपचूप विरून जाते, हात ना डगमगत ना पुढे धावत. विज्ञान म्हणून सुंदर गोष्ट आहे, त्यात वाद नाही. गुरुदत्तने आकडे चढवत चढवत ती ओढ इतकी कडक केली की आखलेली रेघ आणि हाताची रेघ संगणकाच्या पडद्यावर एकावर एक बसल्या.

आणि ढळणं म्हणजे काय? मोटरच्या हिशोबात हात, पट्टी, घर्षण सगळं होतं. दत्ताराम नव्हता. त्याने स्वतः हात कुठे न्यायला बघितलं, तर यंत्राला तो बाहेरचा अडथळा वाटायचा. त्याची इच्छा पडद्यावर चूक म्हणून उमटायची, आणि यंत्र ती चूक दुरुस्त करायचं.

दत्तारामला पहिल्या दिवशीच कळलं. पायाखालची कळ दाबली की हात वर जायचा, परत दाबली की खाली. "साहेब, पयला होता ता बरा होता," तो भीत भीत म्हणाला.

"अहो, त्यात तुम्ही थरथरायचात. आता बघा कसा सरळ जातो!"

"जाता खरो." दत्तारामने बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरां. तुम्ही म्हणाल तसा."

संपात युनियनने म्हटलं तसं, गिरणीत जॉबरने म्हटलं तसं, गोदामात मुकादमाने म्हटलं तसं. माणसाला सवय झालेली असते. साहेबलोकांपुढे नाही म्हणायची ताकद त्याच्यात त्या स्नायूपेक्षाही कमी उरली होती. आणि गुरुदत्तला, खरं म्हणजे, ऐकायचंच नव्हतं.

समितीच्या दिवशी खोली माणसांनी भरली. नलू डबा घेऊन आली होती. सकाळी उठून तिने मोदकं नावाचे मासे आणले होते, नवऱ्याला आवडतात म्हणून. छोटी, चवीला गोड मासळी, पण काट्याची. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बाई, आज डाळभात आण. गुरुदत्तने डबा उघडताना मासा पाहिला होता, वासही घेतला होता, आणि म्हणाला होता, "वा, फक्कड!" काटे त्याच्या ताटात कधी आलेच नव्हते, ते डोक्यात कुठून येणार?

दत्ताराम खुर्चीत बसला. धुतलेला सदरा, केसांना तेल. ताट उजव्या हाताखाली. मोटर तत्काळ थांबवायचं लाल बटण गुरुदत्तच्या हातात.

दत्तारामने भात कालवला, घास केला, कळ दाबली. हात सुरेख वर आला, घास तोंडात गेला. समितीतल्या लोकांनी माना डोलावल्या. दुसरा घास. तिसरा. पडद्यावर दोन रेघा अंगाला अंग लावून चालल्या होत्या.

चौथ्या वेळी घास वर निघाला आणि दत्तारामच्या बोटांना काटा लागला. त्याने हात थांबवला. म्हणजे थांबवायला बघितलं. कोण थांबवत नाही? मासे खाणारा प्रत्येक माणूस दिवसातून दहादा थांबवतो, काटा काढतो, मग घास घेतो. पण हात थांबला नाही. त्याने होती नव्हती ती ताकद लावली. पडद्यावर एका रेघेला बारीकसं टेंगूळ आलं. यंत्राने जोर वाढवला, टेंगूळ सपाट झालं, हात वर चाललाच.

"साहेब," दत्ताराम म्हणाला.

गुरुदत्त पडद्याकडे बघत होता. "बघा, बघा!" तो समितीला म्हणाला. "बाहेरून अडथळा आला तरी वाट सुटली नाही!"

"साहेब, थांबवा!"

लाल बटण गुरुदत्तच्या मुठीत होतं. दाबलं असतं तर मोटर मोकळी पडून हात भातासकट ताटात आदळला असता, समितीसमोर. त्याला वाटलं, घाबरलाय, होईल आता. एवढाच विचार होता. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण तेवढ्यात दत्तारामने तोंड फिरवलं, आणि त्याच्याच हाताने भात, कालवण, मासा सगळं त्याच्या गालावर नेऊन फासलं. ठरल्या कोनात. हात तिथे क्षणभर थांबला, वाटेत लिहिलेलं होतं म्हणून, आणि मग दत्तारामच्या पायाची धडपड कळीवर पडली तेव्हा शहाण्यासारखा खाली आला.

आणि समितीने टाळ्या वाजवल्या हो! त्यांचे डोळे रेघांवर होते. त्यांना वाटलं, गडी बावचळला, पण यंत्र काय अचूक!

नलू पुढे धावली. दत्तारामने तिला अडवलं. डाव्या हाताने गाल पुसला, डाव्या हाताने पट्टी सोडवली. मग गुरुदत्तकडे बघून, आवाज जराही न चढवता म्हणाला, "साहेब, धागो तुटलो की आमचो साचोसुद्धा थांबता."

गुरुदत्तने आपल्या हातांकडे पाहिलं. ती थांबवणारी कळ दहा वर्षं याच हातांनी घडवली होती. कापडासाठी.

प्रकल्पाला मंजुरी मिळाली. दत्ताराम पुढच्या आठवड्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी बेबीताईने पुढ्यात ताट सरकवलं, निवडलेल्या माशाचं, आणि गुरुदत्तने सगळं सांगितलं. बेबीताईने कपाळावर हात मारला.

"अरे मेल्या, काट्याचा मासा असा घटाघट कोण खातं? हात मध्ये थांबतोच की!"

"माझा नाही थांबत," गुरुदत्त म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. त्याने वाट आखली होती ती स्वतःच्या जेवणाची. त्याने ताट परत बहिणीकडे लोटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आपले काटे आपण काढायला लागला. एकदा घशात अडकवूनही घेतला. बेबीताईने सुका भात गिळायला लावला, वर शिव्या दिल्या.

"त्याच्याकडे जा आणि माफी माग," ती म्हणाली.

"जाईन. पण हात हलवत कसा जाऊ? काहीतरी घेऊन जाईन."

हे 'काहीतरी'च आडवं आलं. संगणकाच्या हिशोबातली वजनाची ओळ तेवढी ठेवून बाकीच्या गाळल्या असत्या तर यंत्र पहिल्या दिवसासारखं झालं असतं. पण मंजूर झालेलं यंत्र आता साधनशाळेचं होतं, त्यावर अहवाल लिहायचे होते, त्याचे फोटो काढायचे होते. स्प्रिंगचं करू म्हटलं तर वरिष्ठ हसले. मग बढती आली. मग दुसरी कामं आली. मनात मात्र तो गाल, तो भात. लालबागवरून बस गेली की गुरुदत्त दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचा. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गिरण्यांच्या चिमण्या पडल्या, जागी काचेचे मनोरे उभे राहायला लागले. लाज ही फार आळशी चीज आहे.

निवृत्त झाल्यावर त्याला वेळच वेळ मिळाला. घरच्या माळ्यावर बसून त्याने ते शेवटी केलं. एक चामड्याची पट्टी, एक पोलादी कमान, दोन स्प्रिंगा. त्या अशा जागी अडकवल्या की हात खाली असेल तेव्हा ओढ जवळजवळ नाही, आडवा असेल तेव्हा सर्वांत जास्त, वर जाताना पुन्हा कमी. मोटर नाही, संगणक नाही, वीज नाही. जेवायच्या पाटावर बसून खांद्याला अडकवता येईल एवढं. स्वतःच्या हाताला बांधून, हात ढिला सोडून बघितलं. हात हवेत राहिला.

"एवढं सोपं होतं?" बेबीताईने विचारलं.

"एवढंच होतं," गुरुदत्त म्हणाला, आणि पट्टी सोडवायला लागला.

पिशवीत घालून तो लालबागला गेला. चाळ अजून उभी होती. खाणावळीची पाटीही तीच. दारात नलू बसली होती, केस पांढरे, कपाळ मोकळं. ते कपाळ बघून त्याचे पाय तिथेच थांबले.

"कोण हवा?" तिने विचारलं. मग निरखून पाहिलं. "विजयकरसाहेब?"

"दत्ताराम..."

"गेले ते. गेल्या शिमग्याआधी. छातीत दुखला, आणि आटापला." तिने पिशवीकडे बघितलं. "बसा. काय ता हाडलात?"

त्याने पट्टी काढून दाखवली. मग काहीबाही बोलला. स्प्रिंगा, वजन, हात आपला आपण नेता येईल, कुठेही थांबवता येईल. नलूने ती उलटसुलट करून पाहिली.

"पयल्या दिवसासारखा हा ता," ती म्हणाली.

"हो."

"ह्ये म्हणत, सायेब येतले. पयल्या दिवसाचा घेवन येतले. वरीस दोन वरीस म्हणत होते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मग म्हणायचे बंद झाले."

"मग जेवायचे कसे?" गुरुदत्तने विचारलं. "डाव्या हाताने?"

"छे! डाव्या हातान कित्या?" नलू जराशी हसली. "त्या दिवशी मी त्येंच्या कोपराखाली हात घातलेलंय, आठवता? तसाच. पंगतीत शेजारी बसायचंय, कोपराखाली हात धरायचंय. मी न्यायचंय नाय हां. नुसतो भार धरायचंय. हात त्येंचो, जाय खयं तो. मधे थांबले की मीय थांबायचंय. काटो काढले की परत. शेवटच्या दिसापर्यंत उजव्या हातान जेवले, पंगतीत." तिने पट्टी खाली ठेवली. "माका पंगतीत त्येंच्यावांगडा कधी जेवूक गावला नाय, इतक्याच."

एक हात नवऱ्याच्या कोपराखाली आणि एका हाताने वाढप. इतकी वर्षं. त्या पिशवीतल्या पट्टीने तो हात केव्हाच मोकळा केला असता. ती नवऱ्याशेजारी बसून, आपलं ताट पुढ्यात घेऊन जेवली असती. दत्तारामचं जेवण गुरुदत्तने हिरावलं नव्हतं, ते या बाईने सांभाळलं होतं. हिचं मात्र हिरावलं होतं, आणि तिचा हिशोब त्याने इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता.

"पान वाढतंय," नलू म्हणाली. "मोदकां हत. चलतली?"

त्याला नाही म्हणवेना. तो पाटावर बसला. तिने भात वाढला, कालवण वाढलं. त्याने काटे काढले, घास केला, आणि हात अर्ध्यावर येऊन थांबला. पुढे जाईना. नसा धड, स्नायू धड, पण त्या घासाचं वजन काही उचलवेना.

नलूने बघितलं. ती शेजारी टेकली आणि सवयीने त्याच्या कोपराखाली हात घातला.

"जेवा, साहेब," ती म्हणाली. "भार मी धरलंय."